आई-बाबांना पाठवायचा मेसेज: आधी फोन ठेवा, मग आपण लावा

प्रश्न: आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघांकडे स्मार्टफोन. मी दुसऱ्या शहरात राहतो. फसवणुकीच्या बातम्या पाठवल्या की "आम्हाला कळतं रे" म्हणून सोडून देतात. गेल्या महिन्यात बाबा बँकेच्या नावाने आलेल्या फोनवर बराच वेळ बोलत बसले होते, पैसे गेले नाहीत एवढंच. त्यांना पटेल आणि ऐनवेळी आठवेल असा एकच मेसेज कसा लिहू?

उत्तर:

मी बँकेच्या फसवणूक-तक्रार विभागात बरीच वर्षं काढली. तिथे रडवेल्या आवाजात फोन करणारी माणसं भोळी होती असं मुळीच नाही. निवृत्त मुख्याध्यापक, हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेले लोक, आणि बँकेतूनच निवृत्त झालेलेसुद्धा. "ओटीपी कुणाला सांगू नये" हे त्यांना तोंडपाठ होतं. तरी सांगितला, कारण त्या क्षणी त्यांच्या समजुतीप्रमाणे ते ओटीपी देत नव्हते, एक चुकीचा व्यवहार रद्द करत होते.

बातम्या पाठवून उपयोग होत नाही त्याचं कारण हेच. बातमीतला भामटा पार्सलचं कारण सांगतो, आईला फोन येतो वीज तोडण्याचा. तिला वाटतं, हा तो प्रकार नव्हे. सोंगं दर महिन्याला बदलतात, त्यामुळे सोंगांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. जे बदलत नाही ते एकच: फोन त्याने केलेला असतो आणि तो तुम्हाला फोन ठेवू देत नाही. मेसेज यावरच उभा करा.

आधी एक प्रकरण सांगतो, म्हणजे मेसेजमधली वाक्यं का घेतली ते कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एका बाईंना दुपारी फोन आला. स्क्रीनवर बँकेचं नाव. पलीकडचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमच्या कार्डावर आत्ता एक मोठी खरेदी होतेय, तुम्ही करताय का?" त्या नाही म्हणाल्या. "मग मी ती थांबवतो. कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक-अमुक, बरोबर ना?" बरोबर होते. पुढचं वाक्य मला सगळ्यात कसलेलं वाटतं. तो म्हणाला, "मला पिन किंवा कार्डाचा नंबर अजिबात सांगू नका. बँक तो कधीच विचारत नाही." सावधगिरीचा सल्ला देणारा माणूस चोर कसा असेल? बाईंचा उरलासुरला संशय तिथेच गेला. मग तो म्हणाला, "व्यवहार रद्द करायला तुम्हाला सहा आकडी क्रमांक येईल. तो मला सांगू नका, मी तुम्हाला मशीनवर जोडतो, तिथे फक्त दाबा." मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, त्यांनी आकडे दाबले, "आपली विनंती स्वीकारली आहे" असं ऐकू आलं. मशीन त्याचंच होतं. तो त्याच वेळी एका खरेदीच्या साइटवर त्यांच्या कार्डाचा नंबर भरून बसला होता आणि तिथे ओटीपीचीच वाट पाहत होता.

आलेल्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हा क्रमांक अमुक रकमेच्या खरेदीसाठी आहे. बाईंनी तो वाचला नव्हता. फोन कानाला, वरच्या पट्टीवर मेसेज झळकून गेला, सहा आकडे तेवढे डोळ्यांनी टिपले. मेसेज नंतर वाचून दाखवला तेव्हा त्या गप्पच झाल्या.

इथे "ओटीपी सांगू नका" हा नियम पाळूनही पैसे गेले. "पिन सांगू नका" हाही पाळलाच होता. वाचवू शकत होती एकच गोष्ट: पहिल्या मिनिटाला फोन ठेवणं आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावणं. पलीकडून खऱ्या बँकेने सांगितलं असतं, असा कुठलाही व्यवहार दिसत नाही. आणि खरंच बँकेनेच फोन केलेला असता, तरी बिघडलं नसतं. कारण त्याची नोंद जो कर्मचारी फोन उचलेल त्याला बहुधा पाहता येते.

आता मेसेज. हा जसाच्या तसा पाठवू नका, तुमच्या घरच्या बोलीत करून घ्या.

---

आई, बाबा,

हा मेसेज जरा मोठा आहे, सावकाश वाचा. बातमी नाही, मी स्वतः लिहिलाय.

आपल्याला कुणाचाही फोन आला आणि त्यात पैसे, खातं, कार्ड, पोलीस, कोर्ट किंवा "ताबडतोब" हा शब्द आला, तर एवढंच करायचं: फोन ठेवायचा. मग आपण स्वतः फोन लावायचा, आपल्या कागदावर लिहिलेल्या नंबरावर. त्याने दिलेल्या नंबरावर नाही. मोबाइलवर जो नंबर दिसतोय तो परत दाबायचाही नाही. इंटरनेटवर शोधायचाही नाही.

असं का, ते सांगतो. स्क्रीनवर "बँक" किंवा "पोलीस" असं नाव आलं, किंवा बँकेचा खरा नंबरही दिसला, तरी फोन तिथूनच आलाय असं होत नाही. इंटरनेटवरून फोन करणाऱ्याला आपला नंबर हवा तो दाखवता येतो. मेसेजचंही तसंच. बँकेच्या नावाने खोटा मेसेज पाठवला तर तो मोबाइलमध्ये बँकेच्या खऱ्या मेसेजच्याच खाली येऊन बसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तर कोणीही लावतो.

त्याला तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे आकडे माहीत असतील. म्हणून तो खरा ठरत नाही. अशा याद्या चोरीला जातात आणि विकल्या जातात. माहिती असणं म्हणजे ओळख नव्हे.

तो कोण म्हणून बोलेल? बँकेचा माणूस, "तुमच्या खात्यातून पैसे जातायत, वाचवायला हवेत." पोलीस किंवा कस्टम्सचा अधिकारी, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बेकायदा माल सापडला, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." मोबाइल किंवा वीज कंपनीचा माणूस, "आज रात्री बंद होईल." कॉम्प्युटरवाला, "व्हायरस आहे, हे अ‍ॅप घ्या." किंवा मी. हो, माझाच रडका आवाज, "बाबा, अपघात झालाय, आईला सांगू नका, पैसे पाठवा." यापेक्षा वेगळंही काही असेल. कारण ओळखत बसू नका. फोन ठेवा.

पोलिसांचा फोन असेल तर भीती वाटते, ते मला कळतं. पण फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करता येत नाही. गणवेश, मागे लावलेला झेंडा, शिक्क्याचा कागद, हे सगळं अर्ध्या तासात तयार होतं. "चौकशी होईपर्यंत पैसे सरकारच्या सुरक्षित खात्यात ठेवा" असं म्हणाला की समजा, चोर आहे. तसलं खातं नसतं. आणि "घरच्यांना सांगू नका" असं म्हणाला, की पहिला फोन मला.

माझा आवाज आला तरी फोन ठेवा आणि माझ्या नेहमीच्या नंबरावर लावा. आवाजाची नक्कल आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून करता येते. मी उचलला नाही तर ताईला लावा, तिने नाही उचलला तर काकांना. मी खरंच अडचणीत असलो तरी त्या पाच मिनिटांनी काही बिघडणार नाही.

तीन गोष्टी आलेल्या फोनवर कधीच करायच्या नाहीत, समोरचा देवमाणूस वाटला तरी. मोबाइलवर आलेला क्रमांक सांगायचा नाही आणि दाबायचाही नाही. त्याने सांगितलेलं अ‍ॅप घ्यायचं नाही, आपली स्क्रीन दाखवायची नाही. त्याच्या सांगण्यावरून *, # असलेला कोणताही नंबर फिरवायचा नाही.

फोन ठेवणं उद्धटपणा वाटतो, मला माहीत आहे. तुम्हाला ते जमत नसेल तर एकच वाक्य म्हणा: "मी मुलाशी बोलून फोन करते." आणि ठेवा. खरा माणूस "बरं" म्हणेल. जो चिडेल, घाई करेल, "फोन ठेवलात तर जबाबदारी तुमची" म्हणेल, त्याने आपली ओळख स्वतःच दिली.

आणि चुकून काही सांगून बसलात, पैसे गेले, तर लगेच बँकेला फोन आणि मग मला. रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी एक शब्द बोलणार नाही. लपवलंत तर मात्र काहीच करता येणार नाही.

---

हा झाला मेसेज. त्यातल्या काही गोष्टींमागचं कारण तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण बाबा प्रश्न विचारतील.

नातेवाइकाच्या आवाजात येणारा फोन आवाज-नकलेच्या तंत्राने जन्माला आला असं वाटतं, पण तो जुनाच आहे. जपानमध्ये "मीच, मी बोलतोय" एवढंच म्हणून आजी-आजोबांना लुबाडण्याचे प्रकार २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच इतके वाढले की त्या प्रकाराला "ओरे ओरे" असं नावच पडलं. तेव्हा कसलीही नक्कल लागत नव्हती. रडणं, खराब लाइन, आणि नाव आजीनेच उच्चारणं: "कोण, अमुक का?" "हो." एवढं पुरायचं. जर्मनीत, अमेरिकेत याच धर्तीचे फोन वेगळ्या नावांनी ओळखले जातात. भारतात "डिजिटल अरेस्ट" म्हणून जे चालतं त्याचा साचाही तोच: भीती घाला, एकटं पाडा, फोन सुरू ठेवा.

आवाज ओळखता येतो का, याचे धडे म्हणूनच देऊ नका. "श्वास नीट ऐका, आवाज यांत्रिक वाटतो का बघा" असले सल्ले सत्तरीतल्या कानांना आणि घाबरलेल्या मनाला निरुपयोगी आहेत. घरातला गुप्त शब्द ठरवायला हरकत नाही, पण मी त्यावर फारसा विसंबत नाही. घाबरलेला माणूस शब्द विसरतो. वर "आई, आत्ता शब्द काय विचारतेस, मी हॉस्पिटलमध्ये आहे" असं ऐकल्यावर आई विचारणंच सोडून देते. फोन ठेवून परत लावण्यात आठवायचं काहीच नसतं.

*, # वाल्या नंबरांचं असं आहे. काही भामटे "तुमची तक्रार नोंदवायला हा कोड फिरवा" म्हणतात आणि त्या कोडने तुमच्या बाबांचे येणारे सगळे फोन त्यांच्या नंबरावर वळतात. ओटीपी फोनवरून ऐकवण्याची सोय जिथे असते, तिथे तो मग चोराला ऐकू येतो. व्हॉट्सअ‍ॅप खातंही असंच पळवतात. पुढच्या भेटीत दोघांचे फोन तपासा. बहुतेक जीएसएम नेटवर्कवर पहिला कोड सगळे कॉल वळवलेत का ते दाखवतो, दुसरा सगळ्या प्रकारचं वळवणं रद्द करतो:

```
*#21#
##002#
```

व्हॉइसमेल लावलेला असेल तर दुसऱ्या कोडने तोही सुटतो, मग तो परत लावून घ्यावा लागेल. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये "कॉल फॉरवर्डिंग" पाहा.

परत फोन लावण्याच्या नियमालाही दोन भोकं आहेत. ती बुजवल्याशिवाय नियम अर्धाच.

पहिलं म्हणजे लँडलाइन. काही ठिकाणी जुन्या लँडलाइनवर तुम्ही रिसीव्हर ठेवलात तरी पलीकडच्याने ठेवेपर्यंत लाइन काही काळ तुटत नसे. ब्रिटनमध्ये भामट्यांनी याचा चांगलाच फायदा घेतला. "खात्री करायची ना, ठेवा आणि बँकेला लावा" असं स्वतःच म्हणायचे, लाइन धरून ठेवायचे, डायल टोनचा आवाज ऐकवायचे, आणि बाई जो नंबर फिरवतील त्यावर "नमस्कार, बँक" म्हणून दुसरा भामटा बोलायचा. घरी लँडलाइन असेल तर परतीचा फोन मोबाइलवरून करायला सांगा. तेही नसेल तर आधी ओळखीच्या कुणाला तरी लावून बघावं. तोच बोलला म्हणजे लाइन मोकळी आहे.

दुसरं भोक जास्त वाईट. फसवं अ‍ॅप मोबाइलमध्ये शिरलं असेल तर लावलेला फोनही वळवला जाऊ शकतो. दक्षिण कोरियातल्या ग्राहकांना लक्ष्य करणारी अशी अँड्रॉइड अ‍ॅप्स सापडली आहेत: स्क्रीनवर बँकेचा खरा नंबर दिसतो, उचलतो मात्र चोर. म्हणून एक पोटनियम. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून काही डाउनलोड केलं असेल, किंवा मेसेजमधून आलेली एपीके फाइल उघडली असेल, तर त्या मोबाइलवरून कुणालाच फोन करायचा नाही. त्याचं इंटरनेट बंद करायचं आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला लावायचं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही अ‍ॅप्स मुळात खरी आणि कामाची आहेत, त्यामुळे "चांगल्या कंपनीचं अ‍ॅप आहे" म्हणून शंका येत नाही. पण त्यांतून समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते, आणि स्क्रीनवर ओटीपी दिसतो. मग सांगायचीही गरज उरत नाही.

"इंटरनेटवर नंबर शोधायचा नाही" हे वाक्य मेसेजमध्ये मुद्दाम घातलंय. बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाने खोटे कस्टमर केअर नंबर जाहिराती देऊन, नकाशावर नोंदवून वर आणलेले असतात. तिथे फोन तुमच्या आईने केलेला असतो, त्यामुळे तिचा विश्वास पक्का असतो. यावर इलाज कागदच. प्रत्येक बँकेचा नंबर कार्डाच्या किंवा पासबुकाच्या छापील मजकुरावरून घ्या, मोबाइल कंपनीचा बिलावरून, जवळच्या पोलीस ठाण्याचा, तुमचा, ताईचा. मोठ्या अक्षरांत लिहा आणि फोन जिथे ठेवतात तिथे भिंतीला लावा. मोबाइलमध्ये सेव्ह करून भागत नाही, कारण तिकडून चोर बोलत असताना यादी शोधत बसणं त्यांना जमत नाही. भिंतीवरचा कागद आपोआप दिसतो.

कागद लावल्यावर एकदा प्रत्यक्ष करून घ्या. तुम्ही शेजारच्या खोलीतून अनोळखी नंबरावरून बाबांना फोन करा, बँकवाला व्हा, चिडा, घाई करा. पहिल्यांदा ते हसतील आणि तरीही बोलत राहतील. शिष्टाचार हाडात मुरलेला असतो, समोरचा बोलत असताना फोन ठेवायला हातच धजत नाही. दोन-तीनदा ठेवला की सवय होते. ही तालीम मला सगळ्या सूचनांपेक्षा जास्त कामाची वाटते, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

तुमच्याकडूनही एक गोष्ट लागेल. "तूच बोलतोयस ना?" असा फोन भर मीटिंगमध्ये येणार. उचला. नाही उचलता आला तर लगेच मेसेज करा. दोनदा वैतागलात की तिसऱ्यांदा ते विचारणार नाहीत, आणि नेमकं तिसऱ्यांदाच काही व्हायचं.

पैसे गेलेच तर वेळ सगळ्यात महत्त्वाची. चोराचं पहिलं खातं बहुधा भाड्याचं असतं, रक्कम तिथे फार थांबत नाही, तुकडे होऊन पुढे जाते. ती थांबलेली असेपर्यंतच बँकेला ती गोठवता येते. आधी बँक, मग पोलीस. भारतात १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथे नोंद झाली की रक्कम जिथे गेली त्या बँकांपर्यंत खबर पोहोचते. ब्रिटनमध्ये १५९ फिरवला की तिथल्या बऱ्याच बँकांचे ग्राहक थेट आपल्या बँकेशी जोडले जातात. तुम्ही जिथे असाल तिथला क्रमांक त्याच भिंतीवरच्या कागदावर लिहा. चोराचा नंबर, व्यवहाराचे मेसेज, स्क्रीनवरचे फोटो काही पुसू नका. लाजेपोटी आई सगळं डिलीट करून टाकते आणि तपासाला धागाच उरत नाही.

हा नियम कशावर चालत नाही तेही सांगतो. महिनोन्‌महिने गोड बोलून मैत्री करणारा, गुंतवणुकीत आधी थोडा नफा खरोखर काढू देणारा माणूस फोनवर घाई करत नाही, "ठेवू नका" म्हणत नाही. तिथे परत फोन लावून काही उलगडत नाही. नव्या ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून पैसे गुंतवायचे असतील तर आधी घरात बोलायचं, एवढंच त्यावर सांगता येतं.

एकदा पैसे गेलेल्या घरी काही दिवसांनी आणखी एक फोन येतो. बोलणारा वकील असतो, सायबर अधिकारी असतो किंवा पैसे परत मिळवून देणाऱ्या संस्थेचा माणूस. तुमची तक्रार, रक्कम, तारीख सगळं त्याला ठाऊक असतं, आणि थोडीशी फी आधी भरायची असते. फसलेल्या लोकांच्या याद्याही विकल्या जातात. हा फोन आई-बाबा तुम्हाला न सांगता घेण्याची शक्यता जास्त, कारण गेलेले पैसे परत आणून तुमच्यासमोर ठेवावेत असं त्यांना वाटत असतं. म्हणून तो येणार आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.